तबलजी हातोडीने नेमकं काय ठोकतो? काळी एक, काळी चार आणि एका तबल्याची गोष्ट

भजनाचा कार्यक्रम रात्री नऊचा होता. माईक तपासून झाला, पेटीवाले बसले, टाळकरी जमले. तरी पुढची वीस मिनिटं लोकांना एकच आवाज ऐकू येत होता. ठक, ठक, ना. ठक, ना, ना. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी वैतागून विचारलं, "हा घरून लावून नाही आणत का?"

प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातलाच आहे. तबलजी हातोडी घेऊन नेमकं काय करत असतो? आणि करायचंच आहे तर आधी का करत नाही?

हे जळगाव जामोदमधलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. जूनचा पहिला आठवडा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी पहिला पाऊस झालेला. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण तबलेवाल्या काकांनी तबला खरंच घरून लावून आणला होता. दुपारी तीन वाजता, तापलेल्या खोलीत, पेटीच्या काळी एकला अगदी चोख. रात्री मांडवात पिशवी उघडली तेव्हा तोच तबला पांढरी एकला बोलत होता. म्हणजे अर्धा स्वर खाली.

असं का झालं, ते कळायला तबल्याकडे जरा जवळून बघू.

उजव्या हाताने वाजतो तो तबला, डाव्या हाताने वाजतो तो डग्गा. तबल्याचं खोड लाकडाचं असतं आणि त्याच्या तोंडावर कातड्याची पुडी ताणून बसवलेली असते. पुडीच्या कडेला कातड्याचा दुसरा थर असतो, ती चाट. मधला काळा गोल म्हणजे शाई. चाट आणि शाई यांच्यामधली मोकळी जागा ती लव. पुडीच्या सगळ्यात बाहेर कातड्याच्या पट्ट्या वेणीसारख्या विणून केलेला जाड गोट असतो, त्याला गजरा म्हणतात. या गजऱ्यातून एक लांब वादी ओवून ती खाली तळाच्या गुडरीतून घेतात, पुन्हा वर आणतात, पुन्हा खाली नेतात, आणि असं करत पूर्ण फेरी मारतात. वादी गजऱ्यातून जाते त्या जागांना घरं म्हणतात. ती 16 असतात. आणि खोड व वादी यांच्यामध्ये अडकवलेले लाकडाचे 8 गोल तुकडे, ते गठ्ठे. म्हणजे ढोबळमानाने एक गठ्ठा दोन घरं सांभाळतो.

आता सगळा खेळ ताणाचा आहे. कातडं जास्त ताणलं की स्वर चढतो, सैल पडलं की उतरतो. कातडं हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ढिलं पडतं. कोरड्या उन्हात ते आकसतं आणि ताठ होतं. हलगीवाले हलगी जाळावर शेकून घेतात ते याचसाठी. हलगीला गठ्ठे नाहीत, त्यामुळे जाळ हीच तिची हातोडी. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या दुपारी तबला आपोआप चढतो आणि पहिल्या पावसाच्या दमट रात्री तो उतरतो. काकांनी दुपारी काहीच चूक केली नव्हती. मधे पाऊस पडला, इतकंच.

अर्धा स्वर ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिशेब केला तर वेगळं चित्र दिसतं. अर्ध्या स्वराने चढायचं म्हणजे कंपनांची संख्या सुमारे 6 टक्क्यांनी वाढवावी लागते. कातड्याच्या बाबतीत कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून 6 टक्के स्वरासाठी ताण सुमारे 12 टक्के वाढवावा लागतो. पूर्ण एक स्वर चढवायचा तर ताण साधारण सव्वापट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

काकांनी पेटीवाल्यांना काळी एक धरून ठेवायला सांगितली आणि तबल्यावर 'ना' वाजवला. 'ना' कसा वाजतो हे बघण्यासारखं आहे. अनामिका शाईच्या कडेवर हलकीशी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर आपटून लगेच उचलली जाते. सूर जुळवायला हाच बोल वापरतात, कारण त्यातला स्वर स्वच्छ आणि लांब टिकणारा असतो. मधोमध उघडा वाजवलेला 'तूं' बराच खालचा ऐकू येतो. त्यावर सूर लावायला गेलात तर फसाल.

अर्धा स्वर म्हणजे मोठी तफावत. तिला गठ्ठे लागतात. हातोडीने गठ्ठा खाली, गुडरीच्या दिशेने सरकवला की तो खोडाच्या जाड भागावर जातो, वादी बाहेर ढकलली जाते आणि पुडी ताणली जाते. उलट खालून वर ठोकला की ताण कमी होतो. काकांनी एक गठ्ठा थोडासा खाली घेतला, मग त्याच्या बरोबर समोरचा. मग तबला पाव फेरी फिरवून तिसरा आणि त्याच्या समोरचा चौथा. नंतर मधले राहिलेले चार, त्याच पद्धतीने. एका बाजूने सुरू करून क्रमाने गोल फिरले नाहीत. सायकलचं किंवा गाडीचं चाक बसवताना नट समोरासमोर आवळतात, तसंच हे आहे. एकाच बाजूने आवळत गेलं तर पुडी तिकडे ओढली जाते आणि शाईसकट तिरकी बसते. मग ती सुरात येणं कठीण.

सगळे गठ्ठे झाल्यावर तबला काळी एकच्या अगदी जवळ आला, पण पोचला नाही. इथून पुढे गठ्ठ्यांना हात लावायचा नाही. इथून पुढे गजरा. हातोडीने गजऱ्यावर वरून ठोकलं की तिथलं घर चढतं, गजऱ्याखालून वर ठोकलं की उतरतं. ठोका नेमका वादी जिथून आत जाते तिथे पडायला हवा, आणि हातोडी सरळ यायला हवी. ती तिरकी घसरून चाटेवर गेली तर चाट फाटते, आणि तेवढ्यावरून पुडी बदलायची वेळ येऊ शकते.

आणि आता येतं ते खरं कसब. काकांनी एका घरासमोर 'ना' वाजवला, तबला थोडा फिरवला, पुढच्या घरासमोर वाजवला, असं सगळीकडे. एका जागी त्यांनी मला ऐकायला लावलं. स्वर सरळ जात नव्हता. 'वांव, वांव, वांव' असा हेलकावत होता.

"हे पाय, इथं घर उतरलं हाय," ते म्हणाले. "सूर लावाले कान लागत नाही तेवढा, हे हेलकावे ऐकाले लागते."

या हेलकाव्यांमागचं कारण सोपं आहे. अनामिका टेकलेली असल्यामुळे पुडी दोन भागांत कंप पावते, एक भाग वर तेव्हा दुसरा खाली. ताण सगळीकडे सारखा असेल तर कुठल्याही दिशेने वाजवा, हे कंपन एकाच वेगाने होतं. एक बाजू ढिली असेल तर दोन दिशांची कंपनं वेगवेगळ्या वेगाने होतात आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू येतात. समजा एक सेकंदाला 277 वेळा आणि दुसरं 280 वेळा, तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येणार. काकांनी त्या घरावर एक हलका ठोका दिला, मग हेलकावे संथ झाले. दुसरा ठोका दिला आणि थांबले. माझ्यासारख्या सूर न कळणाऱ्या माणसालाही ते थांबलेलं कळलं.

शेवटी त्यांनी पुडीवर तळव्याने जरा दाब दिला, मिनिटभर केरवा वाजवला आणि पुन्हा सगळी घरं तपासली. नुकताच ताण दिलेलं कातडं वाजवल्यावर थोडं बसतं, आणि दोनेक घरं पुन्हा उतरतात. झाकीर हुसेन वाजवता वाजवता मधेच हातोडी उचलून एखादा ठोका मारायचे आणि लोक त्याला टाळ्या द्यायचे. ती गंमत होतीच, पण कामही होतं. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने आणि हाताच्या माराने पुडी सतत हलत असते.

इथे एक शंका येईल. ढोल-ताशाला कोणी काळी एक, पांढरी दोन विचारत नाही. मग तबल्यालाच गायकाचा स्वर का लागतो? ढोलाचं काय वाकडं आहे?

याचं उत्तर सी. व्ही. रामन यांनी शोधलं. 1920 साली त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत 'नेचर'मध्ये यावर टिपण लिहिलं आणि 1934 मध्ये भारतीय तालवाद्यांवर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. साध्या ताणलेल्या कातड्यातून मूळ स्वराबरोबर जे इतर स्वर निघतात, ते मूळ स्वराच्या 1.59 पट, 2.14 पट असे अडनिडे असतात. त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, म्हणून आपल्याला 'धम्म' ऐकू येतं, 'सा' ऐकू येत नाही. तबल्याच्या मधोमध शाईचा थर असतो. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे लेप एकावर एक देत, दगडाने घोटत तो चढवतात. या वजनामुळे कंपनं बदलतात आणि वरचे स्वर मूळ स्वराच्या जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट होतात. तंबोऱ्याच्या तारेतून निघतात तसे. म्हणजे तबला हा गाणारा ढोल आहे. आणि गाणारा असल्यामुळेच तो बेसूर होऊ शकतो. ढोलाला ती सोय नाही.

डग्ग्यालाही शाई असते, पण ती मधोमध नसून एका बाजूला असते आणि डग्ग्याचा स्वर मनगटाच्या दाबाने सतत वरखाली होत असतो. त्यामुळे तो खोल आणि मोकळा बोलला की झालं, पेटीच्या एखाद्या पट्टीला तो तंतोतंत मिळवत बसत नाहीत.

मोबाईलवरचं सूर दाखवणारं अॅप चालेल का, असंही मी काकांना विचारलं. चालतं, पण दोन अडचणी आहेत. एक तर तबल्यातून अनेक स्वर निघत असल्याने अॅप कधी भलताच पकडतं, स्वर बरोबर असून पंचम दाखवतं. दुसरं म्हणजे अॅप काळी एकला सुमारे 277 कंपनं धरतं, पण गावातल्या जुन्या पेटीची काळी एक तेवढीच असेल याची खात्री नाही. गाणारा पेटीबरोबर गाणार आहे, अॅपबरोबर नाही. म्हणून पेटीच प्रमाण.

सव्वानऊला पहिला अभंग सुरू झाला. गाणारे बुवा काळी एकवाले. पुरुषांची पट्टी बहुतेक वेळा याच्या आसपास, पांढरी एक ते काळी दोनमध्ये असते. तबला बुवांच्या षड्जावर, सगळं छान जमलं.

तिसऱ्या अभंगाला बुवांची शिष्या पुढे आली. कॉलेजात शिकणारी मुलगी.

"पोरी, तुही पट्टी कोणती?"

"काळी चार, काका."

काकांनी हातोडीकडे पाहिलं आणि परत खाली ठेवली. मला वाटलं, आता पुन्हा वीस मिनिटं ठोकाठोकी. पण इथे गणित वेगळं होतं.

काळी चार म्हणजे काळी एकच्या खाली पाच अर्धे स्वर. तबला तिच्या षड्जावर आणायचा तर तेवढा उतरवावा लागणार. ताणाच्या हिशेबात काळी एकच्या ताणाचा जवळजवळ निम्मा भागच उरतो. तेवढ्या सैल पुडीवर 'ना' वाजत नाही, नुसता फटफटाट होतो. म्हणूनच काळी चारच्या गायिकेसाठी वेगळा तबला असतो, तोंडाने मोठा. काळी एकसाठी साधारण साडेपाच इंची तोंड घेतात, काळी चारसाठी सहा इंच किंवा थोडं जास्त. शहरातले वादक दोन-तीन तबले घेऊन फिरतात. काकांकडे एकच होता.

मग दुसरा मार्ग. तबला षड्जावरच हवा असं नाही. गायकाच्या पंचमावर किंवा मध्यमावर लावला तरी तो सुरात बोलतो. काळी चार हा सा धरला तर काळी एक येतो तिचा मध्यम. म्हणजे तबल्याला हातही न लावता काम झालं? काकांनी आधी दुसरा प्रश्न विचारला.

"अभंग कोन्त्या रागात हाय?"

"भूप."

"मंग तं नाही चालत."

भूपात मध्यम हा स्वरच नाही. सा, रे, ग, प, ध एवढेच पाच. तबला प्रत्येक मात्रेला मध्यम वाजवत राहिला तर रागात नसलेला स्वर सतत कानात पडणार, आणि तोही गांधाराच्या अगदी शेजारचा. गाणारीचा गांधार डळमळणार. लोकांना कारण कळत नाही, पण 'आज काहीतरी बसेना' एवढं नक्की कळतं. भूपाला पंचमाचा तबला पाहिजे. काळी चारचा पंचम म्हणजे काळी दोन, तबल्याच्या सध्याच्या स्वरापेक्षा पूर्ण एक स्वर वर.

आता तो सव्वापटीचा आकडा आठवा. पुडी नवी असती तर काकांनी गठ्ठे खाली घेतले असते. पण ही पुडी जुनी होती, शाईच्या कडेला एक खपली हलत होती, आणि दमट हवेत नुकताच अर्धा स्वर चढवलेला. कातडं फाटलं तर त्या रात्री दुसरं नाही. पुडी बदलायला तबला बाहेरगावी पाठवावा लागतो आणि तो परत यायला दिवस लागतात.

काका जरा थांबले. मग म्हणाले, "काळी तीनवर गाऊन पाय बरं एकडाव."

काळी तीन म्हणजे तिच्या पट्टीपेक्षा एक स्वर खाली. आणि काळी तीनचा पंचम कोणता? काळी एक. तबला आहे तिथेच राहतो आणि मध्यमाचा पंचम होतो. तबला एक स्वर चढवण्याऐवजी गाणारी एक स्वर उतरते, हिशेब तोच.

खरं तर हे उलटं आहे, हे काकाही मान्य करतात. साथीदाराने गायकाच्या पट्टीला यायचं असतं, गायकाने तबल्याच्या नाही. मोठ्या मैफिलीत कोणी असं सुचवलं तर त्याला उठवतील. आणि गाणारीचं नुकसानही होतं. मुलीने काळी तीनवर खालचा भाग गुणगुणून पाहिला तेव्हा मंद्र धैवत नीट लागला, पण त्याखालचा पंचम नुसता श्वासासारखा आला.

"खालचा प नाही लागत, काका."

"चालीत खालचा प हाय का?"

तिने मनातल्या मनात चाल म्हणून पाहिली. नव्हता. धैवतापर्यंतच उतरायचं होतं.

अभंग काळी तीनमध्ये झाला. पेटीवाल्यांनी बोटं सरकवली, मोबाईलवरचा तंबोरा बदलला, आणि तबल्यावर एकही ठोका पडला नाही. त्यानंतरचा तिचा अभंग भीमपलासात होता. भीमपलासाचा वादी स्वरच मध्यम, त्यामुळे ती निर्धास्त काळी चारवर परत गेली आणि तोच तबला आता मध्यमाचा झाला. मला स्वतःला ती साथ पहिल्यापेक्षा जास्त आवडली. आलाप मध्यमावर येऊन थांबला की तबलाही तिथेच भेटत होता.

म्हणजे एका रात्रीत एकाच स्वराला लावलेला तबला बुवांसाठी षड्ज होता, भूपासाठी पंचम आणि भीमपलासासाठी मध्यम. हातोडी लागली ती फक्त पावसामुळे.

तुमच्या मंडळात एकच तबला असेल तर गाणाऱ्याला आधी दोनच गोष्टी विचारून ठेवा, पट्टी कोणती आणि राग कोणता. पट्टी कळली की तबला षड्ज, पंचम की मध्यम काय ठरतो ते काढता येतं, आणि राग कळला की तो स्वर चालेल का ते कळतं. मालकंसात पंचम नाही, तिथे मध्यम लागतो. भूपात मध्यम नाही, तिथे पंचम लागतो. हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोनवर विचारता येतं, माईकसमोर विचारायची गरज नाही. काकांनाही त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं की मुलगी गाणार आहे.

साडेअकराला आरती झाली. मंडळी प्रसादाला गेली आणि काका तबला पुसत बसले. कोरड्या कपड्याने, कारण शाईला पाणी लागलं की ती सुटायला लागते. मग त्यांनी हातोडी घेतली आणि आठही गठ्ठे समोरासमोरच्या जोडीने किंचित वर घेतले. मला वाटलं, उद्या पुन्हा लावायचाच आहे तर आता कशाला उतरवताय?

"उद्या ऊन पडलं तं हा आपोआप चढते," ते म्हणाले. "ठेवला तसा ताणून तं घरातच फाटन."

मग हलणाऱ्या खपलीवरून एकदा अंगठा फिरवला, तबल्यावर जाड कापड गुंडाळलं, चुंबळ वर ठेवली आणि पिशवीची नाडी ओढली.